पोटाच्या घेरावरून वजन : गरोदरपणाच्या अखेरच्या सोनोग्राफीतील अंदाज आणि त्याची अचूकता

गरोदरपणाच्या छत्तिसाव्या आठवड्यानंतर होणाऱ्या सोनोग्राफीच्या अहवालात, नाळेची जागा, गर्भजलाचे प्रमाण आणि बाळाची स्थिती यांच्या शेजारी, ग्रॅममध्ये लिहिलेला एक आकडा असतो आणि त्याच्याआधी EFW, म्हणजे गर्भाचे अंदाजित वजन, ही अक्षरे असतात. कुटुंबात अहवालातील बाकी मजकूर क्वचितच कुणी वाचते. हा आकडा मात्र सगळे वाचतात, आणि तो चार किलोच्या जवळ गेला की ‘बाळ मोठे आहे’ हे वाक्य घरात आणि दवाखान्यात एकाच वेळी उच्चारले जाते. त्या वाक्याच्या आधाराने पुढे प्रसूतीची तारीख अलीकडे आणली जाते, कळा सुरू करण्याचे औषध दिले जाते किंवा थेट सिझेरियनचा निर्णय होतो. म्हणून हा आकडा कसा तयार होतो आणि त्यावर किती भार टाकता येतो, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट ही की सोनोग्राफीचे यंत्र वजन मोजत नाही. ध्वनिलहरी शरीरात पाठवून परत आलेल्या प्रतिध्वनींवरून ते चित्र उभे करते, त्या चित्रावर तपासणारी व्यक्ती काही लांब्या आणि घेर मोजते, आणि त्या मापांवरून वजन किती असावे हे एक गणिती सूत्र सांगते. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसूतिशास्त्रातील अल्ट्रासाउंडचा पाया घालणारा लेख प्रसिद्ध केला, तेव्हा आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मोजमाप मुख्यतः डोक्यापुरतेच होते. डोके हा गर्भाच्या शरीरातील सर्वांत स्पष्ट दिसणारा भाग असला तरी वजनाबद्दल तो थोडेच सांगतो, कारण कुपोषित गर्भात शरीर आपले पोषण आधी मेंदूकडे वळवते आणि अतिपोषित गर्भात चरबी डोक्यावर साठत नाही. १९७५ मध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल आणि विल्किन यांनी केवळ पोटाच्या घेरावरून वजनाचा अंदाज बांधता येतो हे दाखवले आणि या विषयाचा मध्यबिंदू डोक्यावरून पोटाकडे सरकला. त्यानंतर दहा वर्षांत, १९८५ मध्ये, अमेरिकेतील ह्यूस्टन येथील फ्रँक हॅडलॉक यांच्या गटाने डोके, पोट आणि मांडीचे हाड यांची मापे एकत्र करणारी सूत्रे मांडली. चार दशके उलटली तरी जगभरातील बहुतेक यंत्रांत, महाराष्ट्रातील लहान तालुक्याच्या सोनोग्राफी केंद्रातील यंत्रातसुद्धा, तीच सूत्रे भरलेली आढळतात.

त्यांपैकी तीन मापांचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे. त्यातील HC म्हणजे डोक्याचा घेर, AC म्हणजे पोटाचा घेर आणि FL म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली जातात आणि उत्तर ग्रॅममध्ये येते.

```
log10(EFW) = 1.326 - 0.00326*AC*FL + 0.0107*HC
             + 0.0438*AC + 0.158*FL
```

या सूत्रातील गुणक कोणत्याही भौतिक नियमातून आलेले नाहीत. प्रसूतीच्या थोडे आधी मोजलेले गर्भ आणि जन्मानंतर काट्यावर ठेवलेली तीच बाळे यांची सांगड घालून, मापे आणि वजन यांचा जो सरासरी संबंध आढळला तो या आकड्यांत बसवलेला आहे. सरासरी म्हटले की तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेली बाळे आली. एकाच मापांच्या दोन बाळांत एकाची हाडे जड, स्नायू भरीव आणि दुसऱ्याची त्वचा चरबीने फुगलेली असू शकते. चरबी स्नायूपेक्षा हलकी असते, आणि सूत्राला ती वेगळी ओळखता येत नाही. हात, पाठ, खांदे आणि गालफडे यांचे तर माप सूत्रात येतच नाही. म्हणजे तपासणाऱ्याने एकही चूक केली नाही आणि यंत्र नवेकोरे असले, तरी सूत्राच्या पोटातच एक चूक राहते.

आता एक काल्पनिक पण नेहमी आढळावा असा प्रसंग आकड्यांनिशी पाहू. अडतिसाव्या आठवड्यातील एका स्त्रीच्या तपासणीत डोक्याचा घेर ३४.२ सेंटिमीटर, पोटाचा घेर ३७.० सेंटिमीटर आणि मांडीचे हाड ७.४ सेंटिमीटर मोजले गेले, तर वरचे सूत्र ३८८३ ग्रॅम असे उत्तर देते. पोटाचा घेर ३७ ऐवजी ३८ सेंटिमीटर मोजला गेला आणि बाकी काहीही बदलले नाही, तर उत्तर ४०६३ ग्रॅम येते. तो ३६ मोजला गेला तर ३७११ ग्रॅम. एका सेंटिमीटरचा हा फरक पोटाच्या घेराच्या तीन टक्क्यांहूनही कमी आहे, आणि तेवढ्याने बाळ सुमारे १८० ग्रॅमने हलके किंवा जड ठरते. हाडाच्या लांबीत साधारण तेवढ्याच टक्क्यांची, म्हणजे दोन मिलिमीटरची, वाढ केली तर वजन ७० ग्रॅमच्या आसपासच वाढते, आणि डोक्याच्या घेरात त्याच प्रमाणात वाढ केली तर सुमारे ९० ग्रॅम. अंदाजाचा सर्वांत मोठा भार पोटाच्या घेरावर आहे, आणि दुर्दैव असे की तिन्ही मापांत काटेकोरपणे मोजायला सर्वांत अवघड तेच आहे.

पोटाचा घेर मोजण्यासाठी गर्भाच्या शरीराचा एक ठरावीक आडवा छेद पडद्यावर मिळवावा लागतो. त्या छेदात पाठीचा कणा एका बाजूला दिसावा, जठर द्रवाने भरलेल्या काळ्या बुडबुड्यासारखे दिसावे, आणि नाभीतून आलेली शीर यकृतात शिरून प्रवेशिका शिरेला जिथे मिळते, ती जागा हॉकीच्या काठीसारखी वळलेली दिसावी. मूत्रपिंडे दिसू लागली तर छेद खाली घसरला आहे आणि हृदय दिसू लागले तर तो वर गेला आहे. पोट शक्य तितके गोल दिसले पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या फासळ्या सारख्या असल्या पाहिजेत. प्रोब तिरपा धरला गेला की गोलाची लंबगोलाकार आकृती होते आणि घेर वाढतो. मापाची रेघ त्वचेच्या बाहेरच्या कडेवरून गेली पाहिजे. काही यंत्रांत ही लंबवर्तुळाकार रेघ पडद्यावर ओढली जाते, काहींत परस्परांना काटकोनात असलेले दोन व्यास मोजून त्यांच्या बेरजेला १.५७ ने गुणले जाते.

हे सगळे विसाव्या आठवड्यात सुलभ असते, कारण गर्भ लहान असतो, भोवती भरपूर गर्भजल असते आणि त्वचेची कडा त्या काळ्या पाण्यासमोर ठसठशीत दिसते. अडतिसाव्या आठवड्यात परिस्थिती उलट होते. बाळ गर्भाशयाच्या भिंतीला, नाळेला आणि स्वतःच्या हातापायांना चिकटून बसलेले असते, फासळ्या आणि कणा यांची हाडे पक्की होऊन त्यांच्यामागे काळ्या सावल्या पडतात, एवढ्या मोठ्या पोटाचा पूर्ण घेर पडद्याच्या पंख्यासारख्या चौकटीत मावत नाही, आणि मातेच्या पोटावरील चरबी जास्त असेल तर कडा आणखी धूसर होतात. प्रोब थोडा अधिक दाबला गेला तर पोट चपटे होते; बाळाने श्वसनाच्या हालचाली केल्या तर घेर क्षणोक्षणी बदलतो. दोन अनुभवी डॉक्टरांनी पाठोपाठ मोजलेल्या मापांत एका सेंटिमीटरचा फरक पडणे, त्यांच्यापैकी कुणीही निष्काळजी नसताना, मुळीच विरळ नाही. म्हणून चांगल्या केंद्रात हे माप दोन किंवा तीन स्वतंत्र छेदांवर घेऊन सरासरी काढली जाते, आणि अहवालासोबत दिलेल्या छापील चित्रात जठराचा बुडबुडा, शिरेचे वळण आणि सारख्या फासळ्या दिसतात की नाही, हे पाहून त्या मापाचा दर्जा दुसऱ्या डॉक्टरलाही तपासता येतो. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी फक्त आकडा पुढे जातो आणि चित्र फाइलमध्येच राहते.

डोक्याच्या मापातही अखेरच्या आठवड्यांत एक अडचण येते. डोके कटिरात उतरू लागले की ते प्रोबच्या टप्प्याबाहेर जाते आणि दाबामुळे लांबट होते, त्यामुळे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची रुंदी खरीपेक्षा कमी भरते. घेर मात्र त्या मानाने टिकून राहतो, म्हणूनच रुंदीऐवजी घेरावर आधारलेले सूत्र या टप्प्यावर अधिक बरे. मांडीच्या हाडाच्या बाबतीत फक्त पक्के झालेले मधले हाड मोजायचे असते आणि टोकांचे कूर्चामय भाग सोडायचे असतात. ते हाड ध्वनिलहरींना काटकोनात नसेल तर आखूड दिसते.

सूत्राची आतली चूक आणि मोजणाऱ्याच्या हाताची चूक एकत्र झाल्यावर उरते ते किती, याचे उत्तर अनेक देशांतील अभ्यासांनी जवळपास सारखेच दिले आहे. हॅडलॉक यांच्या सूत्रांची स्वतःची प्रमाण विचलनाइतकी चूक वजनाच्या सुमारे साडेसात टक्के आहे. प्रमाण विचलन म्हणजे अंदाज खऱ्या वजनाच्या भोवती किती पसरतात याचे माप, आणि साधारण दोनतृतीयांश अंदाज एका विचलनाच्या आत, तर वीसपैकी एकोणीस अंदाज दोन विचलनांच्या आत येतात. २००५ मध्ये डडली यांनी तोवरच्या अकरा सूत्रांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा कोणतेही एक सूत्र सातत्याने इतरांपेक्षा सरस ठरले नाही आणि प्रत्येकाच्या विश्वासाच्या मर्यादा जन्मवजनाच्या चौदा टक्क्यांपलीकडे गेलेल्या आढळल्या. यंत्रे त्यानंतर पुष्कळ सुधारली, चित्रे स्वच्छ झाली, पण मर्यादा फारशा आकसल्या नाहीत, कारण मूळ अडचण चित्राच्या स्वच्छतेइतकीच शरीराच्या विविधतेत आहे.

वरच्या उदाहरणाला हे लावले तर ३८८३ ग्रॅमचा खरा अर्थ ३३०० ते ४४६५ ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी असा होतो. पुष्कळ यंत्रे अहवालात आकड्यापुढे अधिक-उणे असे चिन्ह आणि पाच-सहाशे ग्रॅमची संख्या छापतात ती याचसाठी, आणि तोंडी सांगताना नेमका तोच भाग गळून पडतो. चार किलोच्या रेषेजवळ या गळतीचे परिणाम सर्वांत गंभीर होतात. अंदाज ३८८३ असेल आणि चूक दोन्ही बाजूंना सारखी पसरली आहे असे धरले, तर बाळ प्रत्यक्षात चार किलोच्या वर असण्याची शक्यता सुमारे एकतृतीयांश येते; पोटाच्या घेरात एक सेंटिमीटर वाढवून अंदाज ४०६३ केला तर ती शक्यता निम्म्याहून जराशी वर जाते. शक्यतेत झालेला बदल मध्यम आहे, पण अहवालातील भाषा मात्र ‘वाढ योग्य’ वरून ‘बाळ मोठे’ अशी एकदम उडी घेते.

शिवाय हे गणित अजून एक गोष्ट वगळते, ती म्हणजे त्या समाजात मोठी बाळे मुळात किती जन्मतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एक लाखाहून अधिक गरोदर स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या एका पद्धतशीर आढाव्यात, हॅडलॉक सूत्राने मोठे ठरवलेले गर्भ तपासले असता असे दिसले की खरोखर मोठ्या निघालेल्या बाळांपैकी सुमारे ५३ टक्के बाळे सोनोग्राफीने ओळखली आणि मोठ्या नसलेल्या बाळांपैकी सुमारे ९४ टक्के बाळांना तिने योग्य रीतीने वगळले. यावर एक हिशेब मांडून पाहता येतो. ज्या लोकसंख्येत हजारातील शंभर बाळे मोठी असतात, तिथे ५३ मोठी बाळे ओळखली जातील आणि उरलेल्या नऊशेतील ५४ बाळांवर चुकून मोठेपणाचा शिक्का बसेल. शिक्का बसलेल्यांपैकी निम्मी बाळे खरी मोठी निघतील. ज्या लोकसंख्येत हजारातील वीसच बाळे मोठी असतात, तिथे तेच यंत्र आणि तोच कुशल हात असूनही जवळपास अकरा खरी मोठी बाळे ओळखली जातील आणि ५९ बाळांवर चुकीचा शिक्का बसेल, म्हणजे ‘मोठे’ म्हटलेल्या सहा-सात बाळांपैकी एकच मोठे असेल. भारतात पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन पाश्चात्त्य देशांतील बाळांपेक्षा बरेच कमी असते, त्यामुळे चार किलोचा मापदंड इथे लावताना हा दुसरा हिशेब पहिल्यापेक्षा वास्तवाच्या जवळ आहे.

खोट्या इशाऱ्याचा अनुभव अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीत ठळकपणे पुढे आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या विश्लेषणात सुमारे ३१ टक्के मातांना गरोदरपणात बाळ बरेच मोठे होत असल्याचे सांगण्यात आले होते, आणि ज्यांना असे सांगितले होते त्यांच्यापैकी जेमतेम २० टक्के मातांची बाळे चार किलो किंवा त्याहून जास्त वजनाची निघाली. अशा इशाऱ्याचा स्वतंत्र परिणाम होतो हे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत दिसले आहे : बाळाचे जन्मवजन सारखेच असले तरी ज्या स्त्रियांच्या नोंदीत आधीच ‘मोठे बाळ’ असे लिहिलेले होते, त्यांची सिझेरियने अधिक झाली, कारण कळा जराशा मंदावल्या की डॉक्टर आणि कुटुंब दोघांच्याही मनात तोच आकडा येतो.

इथे प्रश्न असा येतो की मोठे बाळ ही चिंता मुळात कशासाठी आहे. सर्वांत गंभीर भीती आहे ती खांदा अडकण्याची : डोके बाहेर आल्यावर पुढचा खांदा मातेच्या जघनास्थीच्या मागे अडकतो, आणि तो सोडवताना मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला ताण बसून हात लुळा पडू शकतो, बहुतेक बाळांत तो बरा होतो, काहींत कायमचा राहतो. बाळाचे वजन वाढते तसा हा धोका वाढतो हे खरे आहे, पण खांदा अडकण्याच्या प्रसंगांपैकी जवळपास निम्मे प्रसंग चार किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत घडतात, आणि चार किलोपेक्षा जास्त वजनाच्या बहुसंख्य बाळांत तो घडत नाही. म्हणजे वजनाचा अंदाज आधीच ढोबळ, आणि ते वजन अचूक कळले तरी त्यावरून खांदा अडकण्याचे भाकीत पुन्हा ढोबळ. दोन ढोबळ पायऱ्या एकापुढे एक ठेवून गाठलेला निष्कर्ष किती टिकेल, याचा विचार फार थोड्या वेळा होतो. १९९६ मध्ये राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हा हिशेब केला होता : मधुमेह नसलेल्या स्त्रियांत सोनोग्राफीने साडेचार किलोचा अंदाज दिला म्हणून सिझेरियन करत गेल्यास, कायमचा हात लुळा पडण्याची एक घटना टाळण्यासाठी ३६९५ सिझेरियन करावी लागतील, मधुमेह असलेल्या स्त्रियांत तोच आकडा ४४३ येतो. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत नियोजित सिझेरियनचा विचार मधुमेह नसताना अंदाजे पाच किलो आणि मधुमेह असताना साडेचार किलोच्या पुढे करावा असे म्हटले आहे. अंदाज चुकीचा असण्याची शक्यता या रेषांनी गृहीत धरलेली आहे. चार किलोची रेषा या सूचनांत सिझेरियनसाठी कुठेच नाही, तरी प्रत्यक्ष व्यवहारात तीच रेषा वापरली जाते, आणि ही या विषयातील सर्वांत मोठी विसंगती होय.

सिझेरियनऐवजी थोड्या आधी कळा सुरू करून बाळ अधिक वाढण्यापूर्वीच प्रसूती करावी, हा मध्यम मार्ग दोन मोठ्या चाचण्यांत तपासला गेला. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधील ८०० हून अधिक स्त्रियांवरील, बुल्व्हाँ यांच्या नेतृत्वाखालील आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत खांदा अडकणे आणि तत्संबंधी इजा यांचे एकत्रित प्रमाण सहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आले, मात्र मज्जातंतूंच्या जाळ्याची इजा दोन्ही गटांत एकाही बाळाला झाली नाही. ब्रिटनमधील ‘बिग बेबी’ चाचणीत २,८९३ स्त्रिया होत्या. २०२५ मधील तिच्या निष्कर्षात अडतिसाव्या आठवड्यात कळा सुरू केलेल्या गटात खांदा अडकण्याचे प्रमाण २.३ टक्के आणि नेहमीच्या काळजीच्या गटात ३.१ टक्के आढळले, आणि हा फरक योगायोगाने पडलेला नाही असे खात्रीने म्हणता येण्याइतका मोठा नव्हता. दुसऱ्या गटातील अनेकींची प्रसूतीही लवकरच झाल्याने फरक बोथट झाला होता. ज्यांनी ठरवल्याप्रमाणे काळजी घेतली त्यांच्यापुरते पाहिले तर लाभ अधिक स्पष्ट दिसला. दोन्ही चाचण्यांत अंदाज चार किलोच्या स्थिर रेषेवर बेतलेला नव्हता, तर त्या आठवड्यातील अपेक्षित वजनाच्या तुलनेत पहिल्या पाच किंवा दहा टक्क्यांत मोडणारी बाळे निवडली होती. एखाद्या रुग्णालयाने या चाचण्यांचा आधार घ्यायचा असेल तर त्यांची निवडही तशीच घ्यायला हवी, आणि त्यासाठी गरोदरपणाचे आठवडे पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून पक्के केलेले असले पाहिजेत. दिवस एका आठवड्याने चुकले असतील तर योग्य वाढीचे बाळ मोठे आणि मोठे बाळ साधारण भासते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला एक वेगळी बाजू आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात तिथली बाळे इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे आठशे ग्रॅमने हलकी आढळली. त्यांचे पोट आणि स्नायू बरेच लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने पुष्कळ टिकून होती. पोटाच्या घेरावर सर्वाधिक भार टाकणारे, ह्यूस्टनमध्ये बसवलेले सूत्र अशा शरीररचनेवर जसेच्या तसे लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. गर्भवाढीचे आंतरराष्ट्रीय मापदंड घडवणाऱ्या ‘इंटरग्रोथ-२१’ प्रकल्पाच्या आठ केंद्रांत नागपूर होते, आणि त्या प्रकल्पातून २०१७ मध्ये आलेले वजनाचे सूत्र मांडीचे हाड वगळून केवळ डोक्याचा आणि पोटाचा घेर घेते. काही यंत्रांत दोन्ही सूत्रे उपलब्ध असतात. एका तपासणीत एक आणि पुढच्या तपासणीत दुसरे सूत्र वापरले गेले तर बाळाची वाढ वेगाने झाल्याचा किंवा थांबल्याचा निव्वळ कागदी आभास निर्माण होतो, म्हणून अहवालात सूत्राचे नाव असणे आवश्यक आहे. दोन तपासण्यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवले जाते तेही याच कारणाने : अखेरच्या टप्प्यात बाळ आठवड्याला साधारण दोनशे ग्रॅम वाढते, आणि एका आठवड्यातली ती वाढ मापाच्या चुकीत बुडून जाते.

भारतीय स्त्रियांत गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि या गटात सोनोग्राफीचा आकडा वेगळ्या रीतीने वाचावा लागतो. मातेची साखर नाळेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते आणि ते इन्सुलिन यकृत, पोट व खांदे यांवर चरबी साठवते. डोके मात्र नेहमीसारखेच राहते. अशा बाळाचे एकूण वजन साडेतीन किलोच असले तरी डोक्याच्या मानाने पोट आणि खांदे रुंद असतात, आणि धोका आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा अधिक असतो. इथे ग्रॅमचा आकडा चाळण्यापेक्षा पोटाचा घेर डोक्याच्या घेराच्या तुलनेत किती वेगाने वाढतो आहे हे पाहणे उपयोगाचे, आणि उपायही बाळंतपणाच्या तारखेपेक्षा आधीच्या आठवड्यांतील साखरेच्या नियंत्रणात आहे.

३८८३ ग्रॅमचा अंदाज आलेल्या स्त्रीच्या बाबतीत मग करायचे काय, याचे उत्तर मोजमापाच्या पलीकडच्या माहितीतून मिळते. तिच्या साखरेची तपासणी झाली आहे का आणि कधी, आधीची बाळे किती वजनाची होती आणि ती सहज झाली का, पूर्वी खांदा अडकला होता का, पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीने दिवस पक्के आहेत का, आणि पोटाच्या घेराचे चित्र पुन्हा काढल्यावर तेच माप येते का, हे प्रश्न आधी सोडवायला हवेत. आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला ‘हे बाळ आधीच्यापेक्षा मोठे वाटते का’ असे विचारणेही अनाठायी नाही. अमेरिकेत चौहान यांच्या गटाने केलेल्या तुलनेत अशा मातांचा स्वतःचा अंदाज, डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून केलेला अंदाज आणि सोनोग्राफी, हे तिन्ही अचूकतेत जवळपास सारखे ठरले होते. मधुमेह नसेल आणि बाकी सर्व ठीक असेल तर नैसर्गिक कळांची वाट पाहणे आणि अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा सुरू करणे, हे दोन्ही पर्याय त्यांच्या लाभ-तोट्यांसह, आणि आकडा अधिक-उणे सहाशे ग्रॅमने हलू शकतो हे स्पष्ट सांगून, तिच्यापुढे ठेवता येतात. प्रसूतीच्या खोलीत मात्र तयारी प्रत्येक बाळासाठी सारखीच हवी : खांदा अडकल्याचे लक्षात येताच परिचारिकेने मातेच्या मांड्या पोटाकडे पूर्ण वाकवायच्या, दुसऱ्या व्यक्तीने जघनास्थीच्या वरून पुढच्या खांद्यावर दाब द्यायचा, आणि कुणीही बाळाचे डोके ओढायचे नाही, हा क्रम अंदाज अडीच किलोचा असो की चार किलोचा, प्रसूतिगृहातील प्रत्येकाच्या हाताला आधीच सरावाने बसलेला असला पाहिजे.